'मोफत'ला अवतरण: हिंगण्याहून काटोलला गेलेल्या एका मेलचं प्रकरण

हिंगणा एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या पेट्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे. आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की काटोल, कळमेश्वर, वरुडकडून मागणी सुरू होते आणि मग डिस्पॅचच्या टेबलाला उसंत नसते. या कारखान्याची मराठी पत्रं आणि मेल मी अधूनमधून तपासून देतो. खालचा मेल मात्र गेल्यानंतर माझ्याकडे आला, तोही गाडी अडल्यावर.

झालं होतं असं. काटोलच्या एका पॅकहाऊसला ४०० पेट्या गेल्या. १० किलो संत्र्यांची, ५-प्लायची पेटी. परतीचा पाऊस अंगावर घेत गेलेल्या गाडीची ताडपत्री एका बाजूने उघडी राहिली आणि पुठ्ठा ओल धरून बसला. पुठ्ठ्याच्या थरांना जोडणारी खळ स्टार्चची असते, ती ओलीने सुटू लागते आणि मधली नालीदार कागदाची घडी उभी राहायचं विसरते. पेटी रिकामी असेपर्यंत कळत नाही. संत्री भरून एकावर एक थर लावले की खालच्या पेटीचा तळ दबतो आणि फळही दबतं. ग्राहकाने बुधवारी दुपारी फोन केला, फोटो पाठवले. डिस्पॅच सांभाळणाऱ्या ताईंनी रात्री ९ च्या सुमारास उत्तर पाठवलं:

> विषय: "ओलसर" पेट्यांबाबत
>
> सन्माननीय महोदय,
> आपला फोन व फोटो मिळाले. आपण कळवलेला "ओलावा" आमच्या निदर्शनास आला आहे. आपण फोनवर "पेट्या तळातून बसत आहेत" असे सांगितले होते. आमच्या टीमने उरलेल्या मालाची "तपासणी" केली आहे. सदर ४०० पेट्या आम्ही "मोफत" बदलून देऊ. नवीन माल "उद्या" दुपारपर्यंत पोचेल. या वेळी आम्ही "पावसाळी पेटी" पाठवत आहोत. जुन्या पेटीवर "ही बाजू वर" छापलेल्या बाजूचा फोटो पाठवावा, म्हणजे लॉट नंबर कळेल. झालेल्या "गैरसोयीबद्दल" आम्ही "दिलगीर" आहोत.

गुरुवारी सकाळी गाडी भरून गेटवर उभी होती, तेवढ्यात काटोलहून उत्तर आलं: आपली "तपासणी" आणि आपले "मोफत" म्हणजे नेमके काय ते आधी लेखी कळवा, मग गाडी पाठवा.

मालकांना वाटलं, पार्टी भाव पाडायला बघते आहे. त्यांनी फोन लावला तेव्हा समोरून ऐकू आलं ते असं: "भाऊ, मोफत तर मोफतच असते नं? मंग त्याले हे उलटे कॉमे काहून लावले? अन् ओलावा आम्ही घरून आणला का?"

फोनच्या आधीही ग्राहकाच्या उत्तरात खूण होती, ती मालकांच्या नजरेतून सुटली. त्यांनी 'तपासणी' आणि 'मोफत' हे शब्द अवतरणासकट परत पाठवले होते. तुमचाच शब्द समोरचा तुमच्याच चिन्हांसह परत करतो, तेव्हा त्याने तो टोमणा म्हणून वाचलेला असतो आणि आता तोच टोमणा तो तुम्हाला मारतो आहे. भावाची घासाघीस करणारा माणूस आकडा विचारतो, शब्द परत करत नाही.

चिन्हं आली कुठून

ताईंच्या मनात टोमणा नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं, "सर, महत्त्वाच्या शब्दांवर लक्ष जावं म्हणून लावले. बोल्ड केलं तर मोबाइलवर अक्षर चिकटून जाते."

यात तथ्य आहे. बारीक आकारात देवनागरी ठळक केली की मात्रा, रफार आणि जोडाक्षरांची पोकळी बुजते. तिरपं अक्षर देवनागरीच्या वळणाचं नाही. इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरंही नाहीत, म्हणून विशेषनाम वेगळं दाखवायला आपण वर्षानुवर्षं अवतरण वापरत आलो आहोत: घराच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, मंडळाच्या बोर्डावर. त्यातून पुढे "ताजे" दूध आणि "शुद्ध" तूप आलं. विषयाच्या ओळीत तर ठळक करायची सोयच नसते. जोर द्यायचं एकच चिन्ह हाताशी उरलं, तर माणूस तेच वापरणार.

पाटीवर ते खपतं, कारण पाटी वाचणाऱ्याचं दुकानदाराशी भांडण नसतं. तक्रारीच्या उत्तरात वाचणारा आधीच साशंक असतो. माल खराब निघाला आहे, फळ दबलं आहे, आता हे लोक हात झटकणार की काय, या धास्तीने तो मेल उघडतो. तिथे "ओलावा" दिसला की त्याला 'तुम्ही म्हणता तो ओलावा' असंच ऐकू येतं. चिन्ह तेच आहे, प्रसंग बदलला की ते उलटतं.

त्यात मराठीला या कामासाठी चिन्हाची गरज फारशी कधी नव्हतीच. मोडीत विरामचिन्हं नव्हती. छापील मराठीत ती एकोणिसाव्या शतकात आली आणि ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीही लोक जोर देत होते आणि शंका घेत होते. जोराला 'च' होता, शंकेला 'म्हणे' होता, दुसऱ्याचं बोलणं सांगायला 'असे' आणि 'म्हणून' होते. हे सगळे आजही कामावर आहेत. या मेलमधली बहुतेक अवतरणं त्यांचीच कामं, तीही वाईट रीतीने, करत होती.

दहा जोड्या, एकेक करून

मेलमध्ये अवतरणाच्या दहा जोड्या होत्या. ताई, मालक आणि मी तिघांनी त्या एकेक करून पाहिल्या. पहिली कसोटी सोपी होती: अवतरण काढा आणि शब्दाआधी 'तथाकथित' घालून मोठ्याने वाचा. तथाकथित ओलावा. तथाकथित तपासणी. आम्ही तथाकथित दिलगीर आहोत. तिसऱ्या वाक्याला ताईंनी कपाळाला हात लावला. असं वाचून वाक्य अपमानकारक होत असेल, तर तो अपमान वाचणाऱ्याला आधीच दिसलेला असतो.

दुसरी कसोटी खास मराठीची, आणि मला ती जास्त भरवशाची वाटते. अवतरणातला शब्द खरोखर नाव किंवा उद्धृत असेल, तर तो मूळ रूपात राहतो आणि प्रत्यय चिन्हाबाहेर लागतो. घराचं नाव 'गारवा' असेल तर 'गारवा'च्या दाराशी उभे राहतो. गारव्याच्या दाराशी नव्हे. मेलमधला शब्द पाहा: "गैरसोयीबद्दल". 'गैरसोय'चं 'गैरसोयी' झालं, 'बद्दल' लागलं, आणि हे सगळं अवतरणाच्या आत. म्हणजे हा शब्द नाव नाही, कुणाचं बोलणं नाही; तो वाक्यात नेहमीसारखा राबतो आहे. 'ओलावा'चीही तीच गत. तक्रार पुढे वाढली असती तर ताईंनी "ओलाव्यामुळे" असं लिहिलं असतं, 'ओलावा'मुळे असं नाही. शब्द वाकत असेल तर चिन्ह काढावं.

या दोन कसोट्यांवर 'ओलसर', 'ओलावा', 'तपासणी', 'मोफत', 'उद्या', 'गैरसोयीबद्दल' आणि 'दिलगीर' या सातही जोड्या गेल्या. पण नुसती चिन्हं खोडून मेल पुन्हा पाठवला असता तर काम अर्धंच झालं असतं. अवतरण निघालं की त्याखालचा शब्द उघडा पडतो, आणि बऱ्याचदा तो शब्दच कच्चा निघतो.

'तपासणी' घ्या. चिन्ह काढलं तरी 'मालाची तपासणी केली आहे' यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. काय पाहिलं, किती पेट्या, काय सापडलं? चौकशी केली तेव्हा कळलं की कामगारांनी त्याच गाडीत उरून परत आलेल्या ५० पेट्यांपैकी १० उघडल्या होत्या, तळाचे कोपरे अंगठ्याने दाबून पाहिले होते आणि ४ पेट्यांचा तळ मऊ लागला होता. मेलमध्ये यातला एक आकडाही नव्हता. त्या जागी दोन चिन्हं होती.

'मोफत'मागेही तसंच होतं. पेट्यांचे पैसे घ्यायचे नाहीत हे ताईंना माहीत होतं, पण गाडीभाडं कोणाकडे, हे मालकांनी सांगितलं नव्हतं. शब्द लिहिताना हात किंचित अडखळला आणि चिन्हं पडली, असा माझा अंदाज. ग्राहकाने छुपा खर्च हुंगला तो अगदीच हवेत नव्हता. भाडं कारखान्याचं, हे गुरुवारी सकाळी त्याच टेबलावर ठरलं.

'उद्या'ची गोष्ट गमतीची. बुधवारी रात्री ९ ला लिहिलेला 'उद्या' ग्राहकाने गुरुवारी सकाळी वाचला. त्यांचा उद्या शुक्रवार. अवतरणाने शब्दावर लक्ष गेलं खरं, पण लक्ष जाऊन दिवस कळला नाही. 'उद्याच' लिहूनही हा घोळ सुटला नसता. मेलमध्ये वार आणि वेळ लिहावी, 'च' बोलण्यात ठेवावा.

सगळ्यात अवघड ठरली ती 'गैरसोय'. चिन्हं काढल्यावर मालक म्हणाले, "आता ठीक आहे." मला ते ठीक वाटेना. ज्याच्या पेटीत संत्री दबली त्याची गैरसोय झालेली नाही, नुकसान झालं आहे. ताईंनी 'नुकसान' लिहायचं टाळलं, कारण तो शब्द लिहिला की भरपाईचा प्रश्न येतो आणि तो त्यांच्या अधिकारात नव्हता. हे टाळणं समजण्यासारखं आहे, पण मग ते मालकांनी बोलायला हवं होतं. अवतरणात मऊ शब्द गुंडाळून तो प्रश्न मिटत नाही.

उरलेल्या तीन

"ही बाजू वर" ही जोडी राहिली. पेटीवर ही अक्षरं जशीच्या तशी छापलेली आहेत आणि वाचणाऱ्याने ती डोळ्यांनी शोधायची आहेत. चिन्हं नसती तर 'जुन्या पेटीवर ही बाजू वर छापलेल्या बाजूचा' हे वाचताना कुणाचाही गोंधळ झाला असता. छापलेला मजकूर, स्क्रीनवर दिसणारं बटण, फॉर्ममधल्या रकान्याचं नाव, इथे अवतरण आपलं खरं काम करतं.

"पावसाळी पेटी" ही सीमेवरची. बाहेरच्या कागदावर पाणी लवकर शिरू नये म्हणून लेप दिलेल्या पेटीला या कारखान्यात असं म्हणतात. कारखान्याबाहेर हे नाव कुणाला ठाऊक नाही. अशा नावाला पहिल्या वेळी अवतरण द्यावं, तिथेच अर्थ सांगावा आणि त्यानंतर त्याच मेलमध्ये ते साधं लिहावं. अर्थ न सांगता दिलेलं अवतरण इथेही घात करतं. 'पावसाळी' म्हणजे पावसात भिजलेली, असा अर्थ काढायला चिडलेल्या ग्राहकाला वेळ लागत नाही.

तिसरी जोडी, "पेट्या तळातून बसत आहेत", वरवर निर्दोष दिसते. दुसऱ्याचं बोलणं आहे, बोलणारा कोण तेही सांगितलं आहे. मालक म्हणाले, ही ठेवू. पण ग्राहकाने हे शब्द उच्चारलेच नव्हते. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'पेट्या खालून बसून राहिल्या.' ताईंनी ते कार्यालयीन मराठीत आणलं आणि त्यावर अवतरण दिलं. अवतरणाचा करार असा की आतले शब्द बोलणाऱ्याचेच असले पाहिजेत. इथे ते नव्हते.

मग मूळ शब्द घालायचे का? इथे आमच्यात थोडा वाद झाला. माझं मत, घालू नयेत. चहूबाजूंनी 'सदर' आणि 'निदर्शनास' असताना मधेच ग्राहकाची वऱ्हाडी बोली अवतरणात ठेवली तर ती थट्टा वाटते, अचूकपणा वाटत नाही. मराठीत 'असे' आहेच. 'पेट्या तळाशी बसत आहेत असे आपण सांगितले' यात त्यांचं म्हणणं पोचतं आणि शब्दशः असल्याचा दावाही होत नाही. प्रकरण कोर्टकचेरीचं असेल, नेमक्या शब्दांवर काही अवलंबून असेल, तर मात्र जसेच्या तसे शब्द अवतरणात द्यावेत, बोलीसकट, एक अक्षरही न सुधारता.

दहापैकी दोन जोड्या उरल्या.

दुसरा मेल

विषयाच्या ओळीमुळे एक वेगळीच अडचण होती. "ओलसर" हा शब्द अवतरणासह विषयात होता, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रत्येक उत्तरावर `Re:` लागून तो पुन्हा पुन्हा दिसणार. त्याच मेलला उत्तर देत राहिलो असतो तर आत कितीही साफ लिहिलं तरी कपाळावर टोमणा तसाच राहिला असता. म्हणून नवा विषय देऊन नवा मेल लिहिला आणि आधीच्या मेलचा उल्लेख आत केला. असं केल्याने धागा तुटतो आणि जुने फोटो वेगळ्या ठिकाणी राहतात, हा तोटा आहे. फोटो पुन्हा जोडून तो भरून काढला.

> विषय: ४०० पेट्या बदलून देत आहोत, गाडी आज निघेल
>
> नमस्कार,
> बुधवारी रात्रीच्या आमच्या मेलमध्ये काही गोष्टी स्पष्ट नव्हत्या. कृपया हा मेल ग्राह्य धरावा.
> पेट्या तळाशी ओल्या होत्या आणि संत्री भरल्यावर बसत आहेत, असे आपण सांगितले. फोटोंतही ते दिसते. त्याच गाडीत उरून आमच्याकडे परत आलेल्या ५० पेट्यांपैकी १० पाहिल्या, ४ पेट्यांचा तळ मऊ लागला. त्या पेट्या आम्ही थांबवल्या आहेत.
> आपल्या सर्व ४०० पेट्या बदलून देत आहोत. नव्या पेट्यांचे पैसे नाहीत आणि गाडीभाडेही आमच्याकडे.
> गाडी आज, गुरुवारी, दुपारी २ वाजता निघेल आणि ५ पर्यंत पोचेल.
> या वेळी "पावसाळी पेटी" पाठवत आहोत, म्हणजे बाहेरच्या कागदावर पाणी लवकर शिरू नये असा लेप असलेली ५-प्लाय पेटी. आकार तोच आहे.
> जुन्या पेटीच्या ज्या बाजूवर "ही बाजू वर" असे छापले आहे, तिचा फोटो पाठवावा. त्यावरून लॉट नंबर कळेल.
> ज्या संत्र्यांचे नुकसान झाले त्याबाबत मालक आज आपल्याला फोन करतील. माल नीट न झाकता पाठवला ही चूक आमची आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत.

अवतरणांबद्दल माफी मागावी का, असं मालकांनी विचारलं. मेलमध्ये नको, असं मी सांगितलं. 'आमचा तसा उद्देश नव्हता' हे वाक्य लिहिलं की वाचणारा त्या टोमण्याकडे पुन्हा वळतो. फोनवर मालक एवढंच म्हणाले, "दादा, पोरीने जोर द्यायले लावले होते, दुसरं काही नाही." समोरून हसण्याचा आवाज आला आणि गाडी निघाली.

भरपाईचा प्रश्न यातून सुटला नाही, सुटणारही नव्हता. दबलेल्या फळांच्या रकमेवर दोघांची घासाघीस पुढे चालू राहिली. फरक इतकाच की आता ती रुपयांवर चालली होती.

जुने मसुदे

या निमित्ताने ताईंनी ड्राफ्टमध्ये साठवलेले तयार मसुदे उघडले. पेमेंटची आठवण, दरपत्रक, दिवाळीच्या शुभेच्छा, सगळीकडे तीच सवय. आठवणीच्या मेलमध्ये 'आपले "थकीत" बिल' होतं. 'थकीत'ला अवतरण दिलं की ते बिल खरंच थकलं आहे का, अशी शंका वसुली करणारा स्वतःच घेतो. देणेकऱ्याला आणखी काय हवं? शुभेच्छांमधल्या "सन्माननीय" ग्राहकांबद्दल न बोललेलंच बरं.

मालकांच्या भाच्याने तोडगा सुचवला: सगळे मसुदे एका फाइलमध्ये घेऊन शोधा-बदला करून अवतरणचिन्हं एका झटक्यात उडवायची. ते थांबवावं लागलं. पेट्यांच्या धंद्यात आकार इंचांत लिहितात आणि इंचाची खूण त्याच कळीवर आहे:

```
18" x 12" x 10"
```

दरपत्रकांत अशा ओळी खच्चून भरल्या होत्या. सगळी चिन्हं उडवली असती तर नुसते आकडे उरले असते, आणि ज्या ग्राहकांना मापं सेंटिमीटरमध्ये लागतात त्यांच्याकडे आकाराचा नवाच घोळ झाला असता. शिवाय "ही बाजू वर"सारख्या जोड्याही गेल्या असत्या. म्हणून मसुदे एकेक करूनच साफ झाले, आणि दरपत्रकांत चिन्हाऐवजी 'इंच' हा शब्द लिहायचं ठरलं.

टोमण्याचं अवतरण कधी मुद्दाम वापरावं का, असं ताईंनी शेवटी विचारलं. एखादा स्पर्धक आपल्या पेटीला वॉटरप्रूफ म्हणतो आणि ती तशी नाही, तर "वॉटरप्रूफ" असं लिहिता येतं. तिथे शंका खरी आहे आणि दाखवायचीही आहे. पण धंद्याच्या मेलमध्ये मी तेही करणार नाही. 'ते पेटी वॉटरप्रूफ असल्याचे सांगतात, आम्ही पाणी शिंपडून पाहिली तेव्हा ती भिजली' असं लिहिलं की दावा कोणाचा आणि पुरावा काय, दोन्ही कागदावर येतं, आणि उद्या तोच मेल स्पर्धकाच्या हाती पडला तरी शब्द मागे घ्यावे लागत नाहीत.